अर्ज लिहिताना कुठे थांबावे?

तहसील कार्यालयाच्या आवक शाखेत रोज येणाऱ्या टपालात पुढच्यासारखा मजकूर हमखास सापडतो :

“महोदय वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की माझी मौजे वडगाव येथे गट क्र ११८ मध्ये शेतजमीन असून हस्तलिखित सातबाऱ्यावर क्षेत्र ०.४० होते परंतु संगणकीकृत सातबाऱ्यावर ते ०.०४ असे आले असून त्याबाबत तलाठी कार्यालयात चौकशी केली असता मूळ उतारा आणा असे सांगितले व तो मी दिला असून अद्याप दुरुस्ती झाली नाही तरी ‘त्वरित’ सातबारा दुरुस्त करून मिळावा ही नम्र विनंती.”

हा नमुना मी लेखासाठी तयार केला आहे. त्यातला गट क्रमांक आणि पुढे येणाऱ्या तारखा काल्पनिक आहेत, पण घडण खरी आहे. अर्जदाराला जे सांगायचे ते सगळे यात आले आहे. भाषा आदराची आहे, शब्द ओळखीचे आहेत, मागणीही रास्त आहे. तरीही हा अर्ज हातात घेणाऱ्या लिपिकाला तो दोन-तीनदा वाचावा लागतो, कारण एवढ्या मजकुराला एकच पूर्णविराम आहे आणि तो अगदी शेवटी आहे. स्वल्पविराम एकही नाही. अवतरणचिन्हे आहेत ती भलत्याच शब्दाला.

स्वल्पविराम नाही म्हणून कोणतेही कार्यालय अर्ज फेटाळत नाही, हे आधीच सांगायला हवे. नुकसान होते ते वेगळ्या ठिकाणी. आपला अर्ज आधी आवक नोंदवहीत चढतो, मग संबंधित लिपिकाच्या टेबलावर येतो. लिपिक त्यावर टिपणी तयार करतो : अर्जदाराचे म्हणणे काय, कोणती कागदपत्रे जोडली आहेत, मागणी काय आहे. अधिकाऱ्यासमोर अर्ज जातो तेव्हा त्याच्यावर ही टिपणी असते. तुमच्या अर्जातली वाक्ये सुटी आणि स्पष्ट असतील तर तीच टिपणीत उतरतात. ती एकमेकांत गुंतलेली असतील तर लिपिक ती आपल्या समजुतीप्रमाणे सोडवतो. त्यात काही निसटले किंवा उलटे झाले, की त्रुटी कळवणारे पत्र घरी येते आणि एक-दोन महिने सहज जातात.

म्हणून कार्यालयाला लिहिताना या तीन चिन्हांकडे नेमक्या कामाच्या दृष्टीने पाहावे. पूर्णविराम सांगतो की एक बाब संपली. स्वल्पविराम एकाच बाबीतले घटक वेगळे ठेवतो. अवतरणचिन्हे सांगतात की आतले शब्द माझे नाहीत, दुसऱ्याचे आहेत किंवा कागदावर जसे आहेत तसे उतरवले आहेत. वरचा अर्ज आता याच क्रमाने दुरुस्त करत जाऊ.

क्रियापद संपले की थांबा

आपल्या पत्रांना लांबच लांब वाक्यांची सवय जुनी आहे. मोडी लिपीतल्या पत्रांत विरामचिन्हे नसत, शब्दही एकमेकांना जोडून लिहिले जात. तरी ती पत्रे वाचणाऱ्याला कळत, कारण ‘विनंती विशेष’, ‘कळावे’, ‘बहुत काय लिहिणे’ असे ठरलेले शब्द मजकुराचे टप्पे दाखवत. आजची विरामचिन्हे मराठीत इंग्रजी अमदानीत रुळली. मेजर थॉमस कँडी यांचे ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक १८५० सालचे. हिंदीने वाक्याच्या शेवटी उभा दंड ठेवला, मराठी गद्याने टिंबाचा पूर्णविराम घेतला. जुन्या पत्रांतली ‘अनुसरून’, ‘असून’, ‘तरी’, ‘ही विनंती’ ही साखळी मात्र आपण सोडली नाही. टप्पे दाखवणारे ठरलेले शब्द गेले, त्यांच्या जागी यायला हवे होते ते पूर्णविराम आले नाहीत, आणि मधली साखळी तेवढी लांबत गेली.

पूर्णविराम कुठे द्यायचा हे ओळखण्याची एक सोपी रीत मराठीच्या रचनेतच आहे. मराठी वाक्याचे क्रियापद शेवटी येते. त्यामुळे पेन्सिल घेऊन अर्जातल्या प्रत्येक क्रियापदाखाली रेघ ओढावी. ‘आहे’, ‘होते’, ‘सांगितले’, ‘दिला’, ‘झाली नाही’ अशा पूर्ण क्रियापदापाशी साधारणपणे एक बाब संपलेली असते. ‘असून’, ‘केली असता’, ‘देऊन’ ही रूपे मात्र पुढे काही येणार असे सांगत राहतात. एका वाक्यात असे एक रूप चालते. दोन झाली की वाक्य तोडायची वेळ आली असे समजावे.

आपल्या नमुन्यात दोन ‘असून’ पूर्ण क्रियापदाच्या जागी बसले आहेत, तिसरा पुढच्या तक्रारीला जोडून आला आहे आणि शिवाय एक ‘केली असता’ आहे. पहिला ‘असून’ काढला की वाक्य होते : “मी मौजे वडगाव येथील गट क्र. ११८ चा खातेदार आहे.” ही पहिली बाब, अर्जदार कोण. “हस्तलिखित सातबाऱ्यावर माझे क्षेत्र ० हेक्टर ४० आर आहे.” ही दुसरी, खरी नोंद कोणती. “संगणकीकृत सातबाऱ्यावर ते ० हेक्टर ४ आर असे आले आहे.” ही तिसरी, चूक कोणती. पुढे चौथी बाब म्हणजे चौकशी आणि तिचे उत्तर, पाचवी म्हणजे दिलेली कागदपत्रे, सहावी म्हणजे दुरुस्ती झाली नाही ही तक्रार, आणि सातवी मागणी. सात बाबी, म्हणून साधारण सात पूर्णविराम. लिपिकाला टिपणीत याच सात ओळी हव्या असतात.

‘परंतु’, ‘मात्र’, ‘त्यामुळे’, ‘तरी’ या शब्दांनी नवे वाक्य सुरू करायला बरेच जण कचरतात आणि त्यांच्याआधीचा पूर्णविराम टाळतात. ही भीती अनाठायी आहे. विरोध दाखवणारी दोन्ही वाक्ये लहान असतील तर मध्ये स्वल्पविराम पुरतो : “मी प्रती दिल्या, परंतु पोच मिळाली नाही.” दोन्ही लांब असतील तर ‘परंतु’च्या आधी पूर्णविराम द्यावा. ‘तरी’ने सुरू होणारी विनंती तर नेहमी नव्या परिच्छेदात, नव्या वाक्याने सुरू करावी. अधिकारी घाईत असला तरी त्याची नजर तिथे पडते.

टिंब वाक्याचे की संक्षेपाचे?

पूर्णविरामाचे टिंब अर्जात आणखी दोन कामे करते. एक, शब्दाचा संक्षेप दाखवते. दोन, आकड्यात दशांश दाखवते. ही तिन्ही कामे एकमेकांत मिसळू नयेत एवढे पाहावे लागते.

‘मा.’, ‘क्र.’, ‘दि.’, ‘ता.’, ‘जि.’, ‘रु.’, ‘हे.’ हे तुटके शब्द आहेत, म्हणून त्यांच्यापुढे टिंब हवे. ‘गट क्र ११८’ असे टिंबाशिवाय लिहिणे अपुरे आहे. उलट ‘श्रीमती’, ‘मौजे’, ‘माननीय’, ‘दिनांक’ हे पूर्ण शब्द आहेत, त्यांच्यापुढे टिंब देऊ नये. ‘श्रीमती.’ असे अनेक अर्जांत दिसते, ते ‘श्री.’च्या सवयीने आलेले असते. ‘ता.’चा अर्थ ‘तालुका’ही होतो आणि ‘तारीख’ही. पत्त्याच्या जवळच तारीख येणार असेल तर तारखेसाठी ‘दि.’ वापरावे, म्हणजे घोटाळा होत नाही. वाक्य संक्षेपापाशीच संपले तर दोन टिंबे द्यायची नाहीत, एकच पुरते.

आकड्यातले टिंब त्याहून नाजूक आहे. सातबाऱ्यावर क्षेत्र लिहिताना ‘०.४०.००’ असे दोन टिंबांनी तीन भाग केलेले असतात : आधी हेक्टर, मग आर, मग चौरस मीटर. आपल्या अर्जदाराचे दुखणे याच टिंबापाशी आहे. ० हेक्टर ४० आर म्हणजे जवळजवळ एक एकर. ० हेक्टर ४ आर म्हणजे साधारण चार गुंठे. टिंबानंतरचे शून्य आणि चार यांची जागा बदलली आणि जमीन कागदावर दहापट कमी झाली. अशा वेळी दुरुस्तीचा अर्ज पुन्हा टिंबाच्या भरवशावर सोडणे बरे नाही. उताऱ्यावरचा आकडा जसाच्या तसा द्यावा आणि त्याला लागून एककासह शब्दांत लिहावा : ‘०.०४.००’, म्हणजे ० हेक्टर ४ आर. झेरॉक्स प्रतीत टिंब फिके पडले तरी ‘हेक्टर’ आणि ‘आर’ हे शब्द दिसतात.

तारीखही शक्यतो ‘१५.०७.२०२४’ अशी न लिहिता ‘१५ जुलै २०२४’ अशी लिहावी. तिच्यात टिंब नसल्याने वाक्य कुठे संपते हे डोळ्याला लगेच कळते. एवढेच करून आणखी एक अडचण टळते. वाक्याचा शेवट आकड्यावर होऊ दिला नाही, तर टिंब दशांशाचे की पूर्णविरामाचे असा प्रश्न उरत नाही. मराठीत हे सोपे आहे, कारण शेवटी ‘आहे’ किंवा ‘होते’ येतेच. “एकूण रक्कम रु. ४५०.” असे तोडून लिहिण्याऐवजी “एकूण रक्कम रु. ४५० आहे.” असे पूर्ण लिहावे.

स्वल्पविराम : श्वासासाठी नव्हे, फरकासाठी

शाळेत आपल्याला सांगितलेले असते की थोडे थांबायचे तिथे स्वल्पविराम द्यावा. मोठ्याने वाचताना ते ठीक आहे. अर्जात या नियमाने दोन प्रकारचे बिघाड होतात. काही जण श्वास घेतात तिथे तिथे चिन्ह देतात : “मी, वडगाव येथील रहिवासी, आपणास, विनंती करतो की”. यात ‘मी’ आणि ‘विनंती करतो’ यांची ताटातूट झाली आहे. कर्ता आणि त्याचे क्रियापद यांच्यामध्ये एकटा स्वल्पविराम कधीही देऊ नये. दुसरा बिघाड उलटा असतो. एका दमात सगळे वाचता आले म्हणून यादीतले स्वल्पविराम गळतात. यादी हेच तर त्याचे मुख्य ठिकाण आहे.

वारसनोंदीच्या अर्जात याचा अर्थ किती बदलतो ते पाहावे. “मयताच्या पश्चात पत्नी दोन मुलगे मुलगी असे वारस आहेत” हे स्वल्पविरामांनी नीट होते : “मयताच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे व मुलगी असे वारस आहेत.” ‘व’ किंवा ‘आणि’च्या आधी मराठीत साधारणपणे स्वल्पविराम देत नाहीत, कारण वेगळेपण तोच शब्द दाखवतो. आता या कुटुंबातला एक मुलगा आधीच वारला असेल आणि अर्जदाराने लिहिले : “पत्नी, मयत मुलाची पत्नी, मुलगा व मुलगी असे वारस आहेत.” यातला मुलगा कुणाचा? मूळ मयताचा, की मयत मुलाचा, म्हणजे नातू? स्वल्पविराम असूनही हे कळत नाही, आणि वारसांची नोंद नेमक्या याच नात्यावर होते. स्वल्पविराम माणसे वेगळी करतो, त्यांचे नाते सांगत नाही. इथे चिन्हाचा आग्रह सोडून ‘सून’, ‘नातू’ असे नेमके शब्द घालावेत किंवा प्रत्येक वारस क्रमांक देऊन वेगळ्या ओळीत लिहावा. ओळी वेगळ्या केल्या की त्यांच्या शेवटी स्वल्पविरामाची गरज राहत नाही.

पत्राच्या ठरलेल्या जागाही स्वल्पविरामाच्या आहेत. ‘प्रति’ लिहून पुढे स्वल्पविराम द्यावा. पत्त्याच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी स्वल्पविराम आणि शेवटच्या ओळीनंतर पूर्णविराम. ‘महोदय’ हे संबोधन आहे, आणि संबोधनानंतर मराठीत स्वल्पविराम येतो. म्हणून “महोदय वरील विषयास अनुसरून” असा एका ओळीत धावणारा मजकूर दोन ठिकाणी तोडावा : ‘महोदय,’ स्वतंत्र ओळीत, आणि मुख्य मजकूर खालच्या ओळीपासून. शेवटी ‘आपला विश्वासू,’ किंवा ‘आपली विश्वासू,’ यापुढे स्वल्पविराम, खाली सही. काही स्वल्पविराम नावाचाच भाग असतात. ‘महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६’ या कायद्याच्या नावात वर्षाआधी स्वल्पविराम आहे आणि तो तसाच ठेवायचा असतो.

‘की’च्या बाबतीत मात्र लोक चक्रावतात. “विनंती करतो की, ...” असा ‘की’नंतरचा स्वल्पविराम मराठीत सर्रास दिसतो आणि तो चूक म्हणून कापण्यासारखा नाही. पुढचे वाक्य लहान असेल तर त्याची गरज नसते, कारण ‘की’ स्वतःच दोन वाक्यांना जोडतो. ‘की’च्या आधी स्वल्पविराम देणे मात्र टाळावे, कारण तो ‘की’ आधीच्याच क्रियापदाला चिकटलेला असतो. खरे तर कार्यालयीन अर्जात “अर्ज सादर करतो की” ही सुरुवातच वगळता येते. अर्ज हाती आहेच. विषयाची ओळ वर लिहिलेली असते. थेट पहिल्या बाबीने सुरुवात केली की ‘की’चाही प्रश्न सुटतो.

“दुरुस्ती करण्यात यावी, ही विनंती.” या वाक्यात ‘ही विनंती’च्या आधीचा स्वल्पविराम ठेवावा. त्यामुळे काय करायचे ते एका बाजूला राहते आणि ते मागण्याचे शब्द दुसऱ्या बाजूला. अधिकाऱ्याला आदेशात घ्यायचा भाग नेमका कुठे संपतो, ते तिथे दिसते.

शब्द कुणाचे?

अवतरणचिन्हांच्या बाबतीत सगळ्यात मोठी चूक म्हणजे त्यांचा जोर देण्यासाठी वापर. आपल्या नमुन्यात ‘त्वरित’ हा शब्द एकेरी अवतरणात आहे. अर्जदाराला म्हणायचे होते की फार उशीर झाला आहे. वाचणाऱ्याला मात्र तो टोमणा वाटू शकतो, कारण आपण एखाद्या शब्दाला चिमटीत धरल्यासारखे अवतरणात ठेवतो तेव्हा त्याच्या खरेपणाबद्दल शंकाही सूचित होते. ‘नम्र’, ‘त्वरित’, ‘कार्यक्षम’ असे शब्द अवतरणात घालू नयेत. घाई दाखवायची असेल तर कारण लिहावे : पीककर्जाची मुदत, न्यायालयाची तारीख, विक्रीचा करार.

मराठीत दुहेरी अवतरणचिन्हे दुसऱ्याच्या तोंडचे किंवा लिहिलेले शब्द जसेच्या तसे देण्यासाठी, आणि एकेरी एखादा शब्द, नाव किंवा संज्ञा वेगळी दाखवण्यासाठी, अशी वाटणी रूढ आहे. अर्जात तिचा थेट उपयोग होतो. सातबाऱ्याच्या रकान्याचे नाव एकेरीत : ‘क्षेत्र’ या रकान्यात. तलाठी कार्यालयाच्या पत्रातले वाक्य दुहेरीत : “मूळ हस्तलिखित सातबारा व संबंधित फेरफार उतारा सादर करावा”.

आता नमुन्यातले “मूळ उतारा आणा असे सांगितले” हे वाक्य पाहा. हे शब्द कुणी तोंडी सांगितले की लिहून दिले? नेमके हेच शब्द होते, की आशय हा होता? अवतरणचिन्हे लावायची की नाही, याचे उत्तर या प्रश्नांतच आहे. लेखी पत्र हातात असेल तर त्यातले शब्द दुहेरी अवतरणात, अक्षरशः उतरवावेत. त्यात एखादे अक्षर चुकलेले असेल तर तेही तसेच ठेवावे, कारण अवतरणात शुद्धलेखन सुधारण्याचा अधिकार आपल्याला नसतो. तोंडी सांगितलेले असेल आणि नेमके शब्द आठवत नसतील, तर अवतरणचिन्हे न लावता आशय लिहावा : “मूळ उतारा सादर करण्यास मला तोंडी सांगण्यात आले.” उद्या संबंधित कर्मचाऱ्याने ‘मी असे म्हटलेच नव्हते’ असे सांगितले तर अवतरणातला एक चुकीचा शब्दही अर्जदाराच्या विरुद्ध जाऊ शकतो. आशय मात्र टिकतो.

दुसऱ्याचे वाक्य आपल्या वाक्यात बसवताना पूर्णविराम कुठे द्यायचा, याचाही गोंधळ होतो. मराठीत अवतरणानंतर बहुधा ‘असे कळवले’, ‘असा शेरा दिला’ असे शब्द येतात. म्हणजे आपले वाक्य अजून संपलेले नसते. म्हणून अवतरणातल्या वाक्याचा पूर्णविराम सोडून द्यावा आणि आपल्या क्रियापदानंतर तो द्यावा : “... उतारा सादर करावा” असे मला कळवण्यात आले. विसर्गासारख्या दोन टिंबांनंतर पूर्ण वाक्य स्वतंत्रपणे दिले तर मात्र त्याचा पूर्णविराम अवतरणाच्या आत राहतो.

विभक्तीचे प्रत्यय हा मराठीचा खास पेच आहे. ‘सातबारा’ या शब्दाला ‘ला’ लागला की तो ‘सातबाऱ्याला’ होतो, म्हणजे शब्दाचे रूपच बदलते. एखादे नाव अवतरणात जसेच्या तसे ठेवायचे असेल तर प्रत्यय त्याच्यावर लादू नये. ‘क्षेत्र’ या रकान्यात, ‘पोटखराब’ या नोंदीत, अशी ‘या’ची जोड द्यावी. अवतरणातले रूप बदलत नाही आणि वाक्यही सहज वाचता येते. रूप न बदलणाऱ्या नावाला प्रत्यय लागत असेल, तर तो मिटत्या चिन्हानंतर जागा न सोडता लिहावा.

संगणकावर अर्ज टाइप करणाऱ्यांना इथे एक व्यावहारिक अडचण येते. मराठी इनस्क्रिप्ट कळफलकावर इंग्रजी अवतरणचिन्हाच्या कळीवर ‘ट’ आणि ‘ठ’ असतात. त्यामुळे मराठीत टाइप करता करता अवतरणचिन्ह सापडत नाही आणि लोक ते सोडून देतात. तेवढ्यापुरता कळफलक इंग्रजीत नेऊन चिन्ह घ्यावे. याच कळफलकावर पूर्णविरामाच्या कळीला शिफ्टसह दाबले तर हिंदीतला दंड उमटतो, तो मराठी अर्जात नको. ‘विषय’, ‘संदर्भ’, ‘दिनांक’ यांच्यापुढची दोन टिंबे शब्दाला चिकटवली तर ‘विषयः’ असा विसर्ग वाटतो, म्हणून त्यांच्याआधी थोडी जागा सोडण्याची पद्धत आहे. स्वल्पविराम आणि पूर्णविराम यांच्याआधी मात्र जागा सोडू नये. सोडली तर ओळ भरल्यावर ते चिन्ह एकटेच पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन पडते.

दुरुस्त झालेला अर्ज

आता तोच अर्ज पूर्ण रूपात असा होतो. तलाठी कार्यालयाने उत्तर लेखी दिले होते असे इथे धरले आहे.

दिनांक : १२ ऑगस्ट २०२४

प्रति,
मा. तहसीलदार,
तहसील कार्यालय, (तालुका),
जि. (जिल्हा).

विषय : मौजे वडगाव येथील गट क्र. ११८ च्या सातबारा उताऱ्यावरील क्षेत्र दुरुस्त करण्याबाबत.

संदर्भ : तलाठी कार्यालय, वडगाव यांचे दि. १५ जुलै २०२४ चे पत्र.

महोदय,

मी मौजे वडगाव येथील गट क्र. ११८ चा खातेदार आहे. या गटाच्या हस्तलिखित सातबाऱ्यावर माझे क्षेत्र ० हेक्टर ४० आर आहे. संगणकीकृत सातबाऱ्यावर मात्र ‘क्षेत्र’ या रकान्यात ‘०.०४.००’, म्हणजे ० हेक्टर ४ आर, अशी नोंद आली आहे.

ही चूक मी तलाठी कार्यालयाच्या निदर्शनास आणली. त्यावर संदर्भीय पत्रात “मूळ हस्तलिखित सातबारा व संबंधित फेरफार उतारा सादर करावा” असे मला कळवण्यात आले. दोन्ही उताऱ्यांच्या प्रमाणित प्रती मी २२ जुलै २०२४ रोजी सादर केल्या असून त्यांची पोच माझ्याकडे आहे. अद्याप दुरुस्ती झालेली नाही.

तरी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ नुसार संगणकीकृत सातबाऱ्यावरील माझे क्षेत्र ० हेक्टर ४० आर असे दुरुस्त करण्यात यावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
अ. ब. क.

सोबत :
१) हस्तलिखित सातबाऱ्याची प्रमाणित प्रत
२) फेरफार उताऱ्याची प्रमाणित प्रत
३) पोचेची छायाप्रत

कलम १५५ हे अधिकार अभिलेखातल्या लेखनप्रमादांच्या दुरुस्तीचे कलम आहे. अर्जात ते एकदा, मागणीच्या वाक्यात आले की पुरे. विषयाची ओळ पूर्ण वाक्य नसली तरी ‘बाबत’नंतर पूर्णविराम देण्याची कार्यालयीन रीत आहे आणि ती पाळणे सोपे आहे. ‘सोबत’च्या यादीत क्रमांक आणि वेगळ्या ओळी असल्याने विरामचिन्हे लागली नाहीत. आधीच्या मजकुरात ‘मूळ उतारा दिला’ असे होते. आता ‘प्रमाणित प्रत’ असे लिहिल्यामुळे अर्जदाराने मूळ कागद कार्यालयात सोडला की त्याची प्रत, हा प्रश्नही उरला नाही. वाक्य तोडायला बसले की असे संदिग्ध शब्द आपोआप डोळ्यांत भरतात. एका दमाच्या वाक्यात ते लपून राहतात.

मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली केलेले आणि १९७२ साली वाढवलेले लेखनविषयक नियम शासनाने स्वीकारले आहेत, पण ते अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ यांसारख्या शुद्धलेखनाच्या बाबींचे आहेत. विरामचिन्हांचा असा काटेकोर नियमसंच त्यांत नाही. त्यामुळे ‘की’नंतरचा स्वल्पविराम किंवा पत्त्याच्या ओळीतले चिन्ह यावर दोन जाणकारांचे मत वेगळे पडू शकते. अशा ठिकाणी एकाच अर्जात एकच पद्धत शेवटपर्यंत ठेवावी. पहिल्या ओळीत ‘गट क्र.’ आणि तिसऱ्या ओळीत ‘ग.नं.’ असे झाले, तर वाचणाऱ्याला दोन वेगळ्या गोष्टी वाटू शकतात.

अर्ज टपालात देण्यापूर्वी तो अशा माणसाला वाचायला द्यावा ज्याला हे प्रकरण माहीत नाही. त्याला तीनच गोष्टी विचाराव्यात : यात किती गोष्टी सांगितल्या आहेत, यादीत किती माणसे किंवा कागद आहेत, आणि कोणते शब्द कार्यालयाचे आहेत. पहिल्या प्रश्नाला तो अडखळला तर पूर्णविराम तपासावेत, दुसऱ्याला अडखळला तर स्वल्पविराम, तिसऱ्याला अडखळला तर अवतरणचिन्हे. तहसीलदारांच्या टेबलावर अर्ज पोचतो तेव्हा शंका विचारायला आणि ‘मला असे म्हणायचे होते’ हे सांगायला अर्जदार तिथे नसतो. त्या वेळी त्याच्या वतीने हे काम ही तीन चिन्हेच करतात.